आकडा तोच, पाटी नवी

(नागोठणे इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इथलाच. शाळा इथेच झाली, मग इंजिनिअरिंग केलं आणि आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मला बोलवताना सांगितलं होतं की तरुण मुलं मोबाइलवर 'ट्रेडिंग' करतात, त्यावर दोन शब्द सांग. मी तयारीला लागलो तेव्हा वाटलं होतं की मला सॉफ्टवेअरबद्दल बोलावं लागेल. शेवटी बोलावं लागतंय ते मटक्याबद्दल.

आधी एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याने सांगायला परवानगी दिली आहे, नाव घेऊ नकोस एवढंच म्हणाला. अ‍ॅपचंही नाव घेत नाही. ते आज एका नावाने आहे, उद्या दुसऱ्या नावाने येईल.

हा मुलगा तेवीस वर्षांचा. आयटीआय झालेला, कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. कुणीतरी त्याला टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये जोडलं. ग्रुपमध्ये एक 'सर' रोज संध्याकाळी सिग्नल द्यायचे: युरो-डॉलर, एक मिनिट, वर. म्हणजे पुढच्या एका मिनिटात युरोचा भाव वर जाणार, त्यावर पैसे लावा. अंदाज बरोबर आला तर शंभर रुपयांवर ऐंशी रुपये नफा. चुकला तर शंभर गेले.

त्याने आधी डेमो खात्यावर, म्हणजे खोट्या पैशांवर खेळून पाहिलं. छान जमलं. मग खरे हजार रुपये भरले. तीन दिवसांत हजाराचे सोळाशे झाले. त्यातले पाचशे काढून पाहिले, तर ते खरोखर बँकेत आले. त्या पाचशे रुपयांनी त्याचा सगळा संशय संपवला. मग त्याने पंधरा हजार भरले, कारण अ‍ॅप म्हणत होतं, जेवढे भराल तेवढाच बोनस. स्क्रीनवर तीस हजार दिसायला लागले.

पुढच्या दोन आठवड्यांत रक्कम घटत गेली. 'सरां'नी सांगितलं, हरलास तर पुढचा डाव दुप्पट लाव, सगळं भरून निघेल. त्यानेही भरून निघालं नाही. मग अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवून साठ हजार आणले. ते भरल्यावर एकदा रक्कम बरीच वर गेली, आणि त्याने काढायचं ठरवलं. तेव्हा अ‍ॅपने सांगितलं की बोनसची अट पूर्ण झालेली नाही. चॅटवरचा माणूस म्हणाला, बारा हजार 'टॅक्स' आगाऊ भरा, मग रक्कम मोकळी होईल. त्याने तेही भरले. त्यानंतर चॅट बंद.

हिशोब करा. हजार, पंधरा हजार, साठ हजार, बारा हजार. एकूण अठ्ठ्याऐंशी हजार गेले आणि हातात आले पाचशे. वर काही आठवड्यांनी बँकेने त्याच्या खात्यावर रोख लावली. का, ते नंतर सांगतो.

तो मला भेटला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "भाई, मला नीट सिग्नल देणारा कुणी मिळेल का?" आजचं भाषण या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याला अजूनही वाटत होतं की सिग्नल चुकीचे होते. मला त्याला दाखवायचं होतं की सिग्नल बरोबर की चूक, हा प्रश्नच नाही.

आता मटक्याकडे येऊ. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना आठवेल. मटक्याचं जुनं नाव 'आकडा'. मुंबईत हा खेळ सुरू झाला तो कापसावर. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीने उघडला आणि कितीने बंद झाला, हे मुंबईत कळायचं आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथूनच आले. लावणाऱ्यांपैकी कुणी कापसाची एक गाठही विकत घेत नव्हतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून ते भाव येणं थांबलं. मग खेळ थांबला का? नाही. खेळ चालवणाऱ्यांनी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला सुरुवात केली. त्या मडक्यावरून नाव पडलं, मटका.

तुमच्या मोबाइलवर 'युरो-डॉलर, एक मिनिट, वर' असं येतं तेव्हा तुम्ही युरो विकत घेत नाही. तुम्ही आकड्यावर पैसे लावता. यालाच बायनरी ऑप्शन म्हणतात: दोनच निकाल, वर किंवा खाली, हो किंवा नाही.

आणि मडकं? तेही आहे. जगातला परकीय चलनाचा बाजार आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे बंद होतो आणि सोमवारी पहाटे उघडतो. आता शनिवारी दुपारी किंवा रविवारी अ‍ॅप उघडून बघा. तिथे युरो-डॉलर चालूच असतो. नावापुढे बारीक अक्षरांत 'ओटीसी' लिहिलेलं असतं. बाजार बंद असताना तो आलेख कुठून येतो? कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून. तिथला प्रोग्राम आकडे तयार करतो आणि तुमच्या स्क्रीनवर त्याच्या हिरव्या-लाल मेणबत्त्या दिसतात. मी असे प्रोग्राम लिहू शकतो, कुठलाही सॉफ्टवेअरवाला लिहू शकतो, अवघड काही नाही. आपल्याकडे सुट्टी असते रविवारी, आणि रविवारी मडकं त्यांच्याच हातात असतं.

आता थोडं गणित करू. मटक्यात एक आकडा लावला तर दहापैकी एक येण्याची शक्यता, आणि आला तर एका रुपयाला नऊ रुपये मिळायचे. दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला असं समजा. जमले दहा रुपये, वाटले नऊ. एक रुपया चालवणाऱ्याचा. म्हणजे शेकडा दहा.

अ‍ॅपमध्ये काय होतं? दोघांनी शंभर-शंभर लावले, एकाने वर, एकाने खाली. जमले दोनशे. जिंकलेल्याला त्याचे शंभर आणि वर ऐंशी, म्हणजे एकशे ऐंशी मिळाले. उरले वीस. दोनशेतले वीस, म्हणजे शेकडा दहा.

मित्रांनो, हिशोब अगदी तोच आहे. ऐंशी टक्के 'पेआउट' असलेलं बायनरी ऑप्शन आणि एकाला नऊ देणारा मटका यांत चालवणाऱ्याचा वाटा सारखाच. फरक वेगाचा आहे. मटक्याचा ओपन आणि क्लोज दिवसातून मोजक्या वेळा यायचा. इथे दर मिनिटाला येतो. संध्याकाळी पन्नास डाव खेळलात, प्रत्येकी शंभर रुपयांचे, तर सरासरी पाचशे रुपये गेले. कित्येकांची तेवढी दिवसाची मजुरी आहे.

कुणी म्हणेल, मी अभ्यास करतो, मी पन्नास टक्क्यांवर नाही, जास्त जिंकतो. ठीक. नुसतं बरोबरीत राहायला तुम्हाला शंभरातले छप्पन्न डाव जिंकावे लागतील. शंभर डावांत नुसत्या नशिबाने छप्पन्न जिंकणारे बरेच निघतात, साधारण सातात एक. तोच मुलगा मित्रांना सांगतो की हे चालतं. पण हजार डाव खेळा. मग नशिबाच्या जोरावर बरोबरीच्या वर राहणारे दहा हजारांत दोन-तीनच उरतात. म्हणून पहिल्या आठवड्याचा अनुभव काहीच सिद्ध करत नाही. तुमचा जिंकणारा मित्र खोटं बोलत नाही, तो फक्त अजून थोडेच डाव खेळला आहे.

आणि ते 'दुप्पट लाव'? शंभर हरलात, दोनशे लावलेत, जिंकलात. दोनशेवर एकशे साठ मिळाले, आधीचे शंभर वजा, साठ नफा. ठीक. तीन डावांपैकी दोन हरून तिसरा चारशेचा जिंकलात, तर तीनशे वीस मिळाले, आधीचे तीनशे वजा, वीस नफा. आता तीन हरून चौथा आठशेचा जिंकलात तर? मिळाले सहाशे चाळीस, पण आधी गेलेत सातशे. जिंकूनही साठ रुपये तोटा. नाणेफेकीत बरोबरीचे पैसे मिळत असते तर दुप्पट लावून निदान भरून तरी निघालं असतं. इथे तेही नाही. हे 'सरां'ना माहीत नसतं असं समजू नका.

भरून काढायचंच असेल तर प्रत्येक वेळी सव्वादोन पट लावावं लागतं: शंभर, सव्वादोनशे, पाचशे सहा, असं करत सहा डाव सलग हरलात की दहा हजार तीनशे रुपये गेलेले असतात. शंभर डावांत कधीतरी सलग सहा हार येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे शंभर रुपये परत मिळवण्यासाठी तुम्ही दहा हजार पणाला लावता. त्या मुलाचे तीस हजार असेच गेले.

आता 'सरां'कडे वळू. सिग्नल देणारा फुकट का देतो, हा प्रश्न आपण विचारत नाही.

त्या मुलाच्या फोनमध्ये मी ती लिंक पाहिली, जिच्यावरून त्याने खातं उघडलं होतं. लिंकच्या शेवटी `ref=` आणि पुढे एक क्रमांक. तो क्रमांक 'सरां'चा. त्याने भरलेला आणि हरलेला प्रत्येक रुपया कंपनीच्या सर्व्हरवर त्या क्रमांकाखाली नोंदला जातो. अशा कंपन्यांचे भागीदारी कार्यक्रम उघडपणे चालतात. त्यांत दोन तऱ्हा असतात. एक, पैसे भरणारा माणूस आणून दिला की ठरलेली रक्कम. दुसरी, त्या माणसाकडून कंपनीला जे उत्पन्न होईल त्यात हिस्सा. आणि त्या माणसाकडून कंपनीला उत्पन्न कशातून होतं? तो हरण्यातून. म्हणजे तुम्हाला सिग्नल देणाऱ्याचा पगार तुमच्या हरण्यातून निघतो. तुम्ही जिंकत राहिलात तर त्याचं नुकसान.

मग त्याचे पहिले चार-पाच सिग्नल बरोबर कसे येतात? आठशे मुलं जमवा. चारशेंना सांगा वर, चारशेंना सांगा खाली. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्या, तो ग्रुप पुसून टाका. उरलेल्या चारशेंत पुन्हा तेच. दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस. पाच दिवसांनी पंचवीस मुलं अशी असतात ज्यांना या माणसाचे पाचही सिग्नल बरोबर आलेले दिसले. ती पंचवीस मुलं त्याच्यासाठी बांगड्या गहाण ठेवायला तयार असतात. बाकीच्या पावणेआठशेंपैकी कुणी तुमच्या समोर येत नाही, म्हणून तुम्हाला ते दिसत नाहीत.

हीच तऱ्हा फोनवर बोलणाऱ्या 'अकाउंट मॅनेजर'ची. अमेरिकेच्या न्यायालयात याचा एक मोठा खटला झाला. इस्रायलमधल्या युकोम नावाच्या कंपनीतून बायनरी ऑप्शनच्या गिऱ्हाइकांना फोन जायचे. बोलणारे खोटी नावं सांगायचे, कुठून बोलतोय ते खोटं सांगायचे, आपण मोठे अनुभवी आहोत म्हणायचे, आणि गिऱ्हाइकाचा फायदा तोच आपला फायदा असं पटवायचे. खरं उलटं होतं. कंपनीची प्रमुख ली एल्बाझ हिला २०१९ मध्ये बावीस वर्षांची शिक्षा झाली. इस्रायलने २०१७ मध्येच या धंद्यावर कायद्याने बंदी घातली. युरोपीय संघाने २०१८ मध्ये आणि ब्रिटनने २०१९ मध्ये सामान्य लोकांना बायनरी ऑप्शन विकणं बंद केलं. तिकडची दारं बंद झाल्यावर गिऱ्हाईक कुठे शोधलं जात असेल, ते तुमच्या फोनवर येणाऱ्या जाहिरातींवरून ओळखा.

आता बोनस. कंपनीने पंधरा हजार फुकट दिले, त्याची किंमत काय? अट अशी होती की बोनसच्या चाळीस पट रकमेचे डाव खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. पंधरा हजाराच्या चाळीस पट म्हणजे सहा लाख. सहा लाखांचे डाव खेळायचे आणि प्रत्येक शंभरामागे सरासरी दहा जातात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत साठ हजार जाणार. खात्यात होते तीस हजार. अट पूर्ण होण्याआधीच खातं दोनदा रिकामं व्हायला हवं. ती अट पूर्ण करण्यासाठी ठेवलेलीच नाही. पैसे आतच राहावेत म्हणून ठेवली आहे. बोनस घेतला त्या क्षणी त्याचे स्वतःचे पंधरा हजारही अडकले.

आणि 'टॅक्स' लक्षात ठेवा. आयकर तुम्ही सरकारला भरता, किंवा देणारा तुमच्या रकमेतूनच कापून घेतो. आधी तुमच्या खिशातून वेगळा टॅक्स भरा, मग तुमचे पैसे देऊ, असं जगात कुठेच नसतं. जिथे असं म्हटलं जातं तिथे तुमचे पैसे आधीच गेलेले आहेत. ते बारा हजार हा नवा दरोडा असतो.

तुम्ही म्हणाल, ही लहान अ‍ॅपं झाली, मोठ्या नावाची कंपनी असेल तर? तर आपल्या राज्यातलंच प्रकरण सांगतो. ऑक्टाएफएक्स. हे बायनरी नाही, फॉरेक्सचं प्लॅटफॉर्म, पण वाट तीच. नाव इतकं मोठं की २०२१ च्या आयपीएलमध्ये दिल्लीच्या संघाबरोबर त्यांचा करार होता. पुण्यात शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला: जास्त परताव्याचं आमिष दाखवून गुंतवणूकदारांना फसवल्याचा. त्या गुन्ह्यावरून सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, तपास सुरू केला.

ईडीचं म्हणणं असं. जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात या प्लॅटफॉर्मने भारतातल्या लोकांकडून सुमारे १,८७५ कोटी रुपये गोळा केले आणि त्यात सुमारे ८०० कोटींचा नफा मिळवला. लोकांना सुरुवातीला छोटे नफे दाखवले, ओळखीतून ओळखीत पसरायला कमिशन दिलं, आणि स्क्रीनवरच्या व्यवहारांत फेरफार करून शेवटी तोट्यात ढकललं. पैसे यूपीआयने आणि बँकेतून भलत्याच कंपन्यांच्या आणि माणसांच्या खात्यांत घेतले, तिथून फिरवले, आणि मालवाहतुकीच्या सेवा आयात केल्याची खोटी बिलं दाखवून देशाबाहेर पाठवले. सूत्रधार म्हणून पावेल प्रोझोरोव्ह या माणसाचं नाव आहे. त्याला २०२५ मध्ये स्पेनमध्ये अटक झाल्याचं ईडीने सांगितलं. जप्त केलेल्या मालमत्तेत स्पेनमधला बंगला आणि एक आलिशान नौकाही आहे. हे तपास यंत्रणेचे आरोप आहेत, अंतिम निकाल न्यायालय देईल. पण पैसे कसे फिरतात ते यातून समजतं.

यात एक तारीख मला सर्वांत जास्त टोचते. रिझर्व्ह बँकेने परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची पहिली सावधगिरीची यादी ७ सप्टेंबर २०२२ ला जाहीर केली. त्यात चौतीस नावं होती. ऑक्टाएफएक्स होतं. बिनोमो, ऑलिम्प ट्रेड, आयक्यू ऑप्शन हीही होती. म्हणजे ईडी ज्या काळाबद्दल बोलते त्यातला बहुतेक काळ यादी जाहीर झाल्यानंतरचा आहे. माहिती उपलब्ध होती, आपण पाहिली नाही. तेव्हापासून यादी वाढत गेली आहे. आणि ती यादी प्रसिद्ध करतानाच रिझर्व्ह बँक सांगते की एखादं नाव यादीत नाही म्हणजे त्याला परवानगी आहे असं समजू नका.

कायदा साधा आहे. भारतात राहणाऱ्या माणसाला चलनाचा व्यवहार करायचा तर तो अधिकृत बँकेकडे किंवा मान्यताप्राप्त बाजारात, म्हणजे एनएसई, बीएसई अशा ठिकाणी, सेबीकडे नोंदलेल्या दलालामार्फत करायचा. तिथेही मे २०२४ पासून रुपयाच्या जोड्यांत उतरायला मूळ गरज असावी लागते: तुम्ही माल आयात करता, निर्यात करता, डॉलरमध्ये देणं-घेणं आहे, वगैरे. नुसता अंदाज लावण्यासाठी नाही. परदेशी प्लॅटफॉर्मला मार्जिन म्हणून पैसे पाठवायला परवानगीच नाही. आणि सेबीच्या मान्यतेच्या एकाही बाजारात हे एका मिनिटाचं बायनरी ऑप्शन मिळत नाही. त्यामुळे कुठलं बायनरी अ‍ॅप खरं आणि कुठलं खोटं हे शोधत बसू नका. भारतात खरं असं कुठलंच नाही.

आता आपल्या लोकांसाठी खास बनवलेली एक गोष्ट. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर 'इस्लामिक अकाउंट' मिळतं. त्या मुलानेही तेच घेतलं होतं. तो म्हणाला, "भाई, यात व्याज नाही, हलाल आहे." हे नीट समजून घ्या. फॉरेक्समध्ये एखादा सौदा रात्रभर उघडा ठेवला तर दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक द्यावा किंवा घ्यावा लागतो, त्याला स्वॅप म्हणतात. इस्लामिक अकाउंटमध्ये तो स्वॅप काढून टाकलेला असतो. पण तुमचा डाव एका मिनिटाचा आहे! त्यात रात्र येतच नाही. जे व्याज तिथे कधी लागणारच नव्हतं ते काढून टाकल्याची पाटी लावली आहे. आणि जो खरा प्रश्न आहे, मैसिरचा, म्हणजे जुगाराचा, त्याला हातही लावलेला नाही. एकाचा फायदा म्हणजे नेमका दुसऱ्याचा तोटा, मधे ना माल ना मेहनत, निकाल नशिबावर. सूरह माइदामध्ये दारूच्या बरोबरीने ज्याचं नाव घेतलं आहे तो मैसिर हाच. मी आलिम नाही, फतवा देत नाही. तुमच्या इमामसाहेबांना विचारा. पण विचारताना 'ट्रेडिंग हलाल आहे का' असं विचारू नका. 'एका मिनिटात आकडा वर जाईल की खाली, यावर पैसे लावणं हलाल आहे का' असं विचारा. प्रश्न खरा विचारलात की उत्तर मिळायला वेळ लागणार नाही.

आता बँकेने लावलेल्या रोखीकडे येतो. त्याला मिळालेले पाचशे रुपये कुणी पाठवले होते? कंपनीने नाही. परराज्यातल्या कुणा अनोळखी माणसाच्या खात्यातून आले होते. ते त्याच्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या फसलेल्याचे पैसे. त्या दुसऱ्याने तक्रार केली, पोलिसांनी पैशांचा माग काढला, आणि माग ज्या ज्या खात्यांतून गेला त्यांत नागोठण्यातलं हे खातंही निघालं. त्याला पगार काढता येईना. ज्या पाचशे रुपयांमुळे त्याने विश्वास ठेवला, त्याच पाचशेंनी खातं अडकवलं.

यातून एक खूण कायमची लक्षात ठेवा. पैसे भरताना यूपीआयवर कुणाचं नाव येतं ते बघा. अ‍ॅपचं नाव एक, आणि समोर भलत्याच माणसाचं किंवा कुठल्या तरी ट्रेडर्सचं नाव, तेही दर वेळी वेगळं, असं असेल तर तिथेच थांबा. परवानगी असलेल्या दलालाचे पैसे त्याच्याच नावाच्या खात्यात जातात. आणि कुणी म्हणालं, तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच-दहा हजार देतो, तर ते अजिबात देऊ नका. ही मधली खाती अशीच गोळा केली जातात. तुम्ही फसवलं नसेल, पण गुन्ह्याच्या कागदावर पहिलं नाव तुमचं येतं. सूत्रधार परदेशात, खातेदार रोह्यात किंवा पेणमध्ये. पोलीस आधी कुणाच्या दारात येणार?

पैसे गेलेच असतील तर? पहिलं म्हणजे आणखी भरू नका, काढण्यासाठी म्हणूनही नाही. दुसरं, लगेच १९३० ला फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून तास मोजा, दिवस नको. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट, ग्रुपची लिंक हे सगळं आधी जपून ठेवा. तुम्ही तक्रार करताय असं कळलं की ते चॅट पुसतात. रिझर्व्ह बँकेच्या `sachet.rbi.org.in` वरही प्लॅटफॉर्मची माहिती देता येते.

कुणी घाबरतं की अशा प्लॅटफॉर्मवर व्यवहार करणाऱ्यावरही फेमा कायद्याखाली कारवाई होऊ शकते. होऊ शकते, रिझर्व्ह बँकेने ते स्पष्ट सांगितलं आहे. पण गप्प राहिल्याने ते टळत नाही. तुमच्या खात्यातून गेलेला पैसा कागदावर आहेच. तक्रार केलेला माणूस आणि माग काढताना सापडलेला माणूस यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

तिसरं, काही दिवसांनी तुम्हाला फोन येईल: आम्ही बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा. कधी वकील म्हणून, कधी सायबर सेलचा अधिकारी म्हणून. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि तुमचं नाव त्या यादीत आहे. हा त्याच डावाचा शेवटचा क्लोज आहे.

त्या मुलाचे पैसे मिळाले नाहीत. तक्रार करायला त्याने दीड महिना घालवला, कारण घरी कळेल याची लाज वाटत होती. खातं कागदपत्रं दिल्यावर मोकळं झालं. बांगड्या अजून गहाण आहेत, दर महिन्याला तो व्याज भरतो. व्याज टाळायला 'इस्लामिक अकाउंट' घेतलं आणि शेवटी व्याजच भरतोय, हे तोच मला म्हणाला.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. फोन उघडा, टेलिग्राममध्ये असा ग्रुप असेल तर तुम्हाला ज्याने जोडलं त्याला विचारा, तुझी लिंक कुठली आणि मी हरलो तर तुला किती मिळतात? तो तुमचा मित्र असेल तर त्याला बहुधा उत्तर माहीतच नसेल, कारण तोही कुणाच्या तरी लिंकखाली आहे. मग हा हिशोब त्याला दाखवा. दोनशे जमले, एकशे ऐंशी वाटले, वीस गेले. कागद-पेन्सिल पुरते, अ‍ॅप लागत नाही.